रविवारचे दोन पेग आणि सोमवारची क्वार्टर

ताई, मी उद्यमनगरात लेथवर कामाला आहे. अंबाबाईसमोर शपथ घेऊन दारू सोडली, सात महिने थेंबाला शिवलो नव्हतो. रविवारी मित्राच्या पोराच्या जावळाला गेलो आणि दोन पेग घेतले. सोमवारी बायको एक शब्द बोलली नाही. सुटी झाल्यावर क्वार्टर घेतली. मंगळवारी, बुधवारी पण. बाटली डिकीत लपवतोय. सात महिने पाण्यात गेले. शपथ मोडलीच आहे, तर आता काय उरलं? मी सुधारणाऱ्यातला नव्हेच. – एक वाचक

भाऊ, रविवार आणि सोमवार एकाच पिशवीत कोंबू नका.

आपल्याकडचं जावळाचं जेवण मी पाहिलंय. मटणाचं पातेलं उतरेपर्यंत चार वाजतात, तोवर मांडवामागं बाटल्या फिरतात, आणि ‘एकानं काय हुतंय’ म्हणणारा एक तरी असतोच. तिथं तोल गेला तर त्याला घसरणं म्हणतात. सोमवारी मात्र मांडव नव्हता, आग्रह करणारा नव्हता. तुम्ही एकटेच दुकानात गेलात. कशासाठी? माझ्या मते, घरी जाऊन बायकोच्या गप्प चेहऱ्यासमोर बसायचं धाडस होईना म्हणून. रविवारची दारू जावळाची होती, सोमवारची अपराधीपणाची.

हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात हेच मांडलं. ज्यानं पूर्ण बंदीचा नेम धरलाय, त्याच्या हातून तो एकदा मोडला की मन कारण शोधतं. ‘पोटात काही नव्हतं, संगत तसली होती’ हे कारण सापडलं, तर पुढच्या वेळी करण्यासारखं काही उरतं. पण ‘मीच तसला’ हे कारण धरलं, तर करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि वर ते मनाला टोचत राहतं. टोचणी बधिर करायचा एकच उपाय अंगवळणी पडलेला असतो. त्यानं दुसऱ्या दिवशी टोचणी दुप्पट होते.

म्हणून घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यातला फरक किती पेग झाले एवढ्यावर ठरत नाही. पिणं लपवायला लागलात का, उद्याची सोय आजच करून ठेवता का, थांबायचा विचारच सोडला का, ते बघा. खरं सांगू? दोन पेगपेक्षा मला ती डिकीतली बाटली जास्त खटकली. तुम्ही घसरणीवरून पुढं निघालाय, पण चार दिवसांतच पत्र लिहिलंत, म्हणजे अजून मागं वळता येण्याजोग्या जागी आहात. याचा अर्थ अधूनमधून दोन पेग चालतात असा काढू नका. एकदा व्यसन लागलेल्याला ते चालत नाहीत.

आधी तब्येतीचं. सकाळी हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, पूर्वी दारू सोडताना कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात जा किंवा तुमच्या डॉक्टरांना गाठा. दारू सोडायची डायसल्फिरामची गोळी घरात असेल तर ती आज शपथेच्या जोशात घेऊ नका. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास जावे लागतात, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. बायकोनं ती चहात गुपचूप घालणं तर अजिबात नको, जिवावर बेतू शकतं.

मग आज संध्याकाळी बायकोला हिशेब सांगा. माफीनामा नको. ‘रविवारी दोन पेग, मग तीन दिवस रोज क्वार्टर. बाटली डिकीत आहे, चल, ओतून टाकू.’ एवढंच. पाया पडणं, रडणं, पोराच्या डोक्यावर हात ठेवणं यानं तिला धीर येत नाही, तुमच्या मनावरचं ओझं मात्र वाढतं. ती चिडली तर चिडू दे. तिचा राग ऐकून पिल्याशिवाय झोपलात, की सोमवारी जे जमलं नाही ते आज जमलं.

नवी शपथ आत्ता घेऊ नका. तुमची शपथ काचेच्या बरणीसारखी आहे, एक चरा गेला की अख्खी फेकायची. सात महिन्यांचे दोनशेवर दिवस होतात, त्यातले चार गेले. उरलेल्या दिवसांत पगाराच्या दिवशी, सणाला, भांडण झाल्यावर तुम्ही कसे न पिता राहिलात, ते आठवून कागदावर लिहा. ती अक्कल रविवारी पुसली गेलेली नाही.

आणि पुढच्या जावळाला जाताना घरून भाकरी खाऊन निघा, बायकोला बरोबर घ्या. कुणी आग्रह केला तर ‘गोळ्या चालू हायत’ म्हणा. पातेलं उतरलं की पहिल्या पंगतीला बसा आणि पान उचलताच गाडीला किक मारा.