चौथ्या पेगनंतरचं बोलणं किती धरायचं?

"मॅडम, मैत्रिणीच्या लग्नाआधीची पार्टी होती, जांबोटी रोडच्या फार्महाऊसवर. आमच्या ग्रुपमधला एक जण पुण्याहून आलेला. रात्रभर माझ्याच शेजारी. हात धरला, 'तुझ्यासाठीच आलो' म्हणाला. सकाळी मात्र सगळ्यांसमोर 'काल जरा जास्तच झाली' एवढंच. आता काय समजायचं ओ? मी मेसेज करू की गप्प बसू?" (वय 27, टिळकवाडी)

पार्टी शुक्रवारी रात्री झाली आणि ही मुलगी शनिवारी संध्याकाळी समुपदेशनाला आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला लगेच निकाल हवा होता, पण आधी दारूचा हिशेब मांडला. तो केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

त्याने रात्री नऊ ते एकच्या दरम्यान व्हिस्कीचे चार मोठे पेग घेतले होते. 60 मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार पेगचं 80 ग्रॅम. सर्वसाधारण माणसाचं शरीर तासाला 7 ते 10 ग्रॅम बाहेर टाकतं. म्हणजे नऊपासून मोजलं तर कमीत कमी पहाटे पाचपर्यंत आणि कदाचित सकाळी आठ-साडेआठपर्यंत त्याच्या अंगात दारू होती. नाश्त्याला पोहे खाताना तो जे बोलला ते शुद्धीतलं बोलणं म्हणायचं की नाही, हाच प्रश्न. तिने स्वतः माइल्ड बिअरचे दोन पिंट घेतले होते, साधारण 26 ग्रॅम. कमी असले तरी शून्य नव्हेत.

'दारू पोटात गेली की मनातलं बाहेर येतं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दारूने लक्षाचा घेर आखडतो. समोर जे आहे तेवढंच मोठं दिसतं आणि उद्या काय, लोक काय म्हणतील, आपल्याला खरंच काय हवंय हे सगळं मागे पडतं. त्या वेळी शेजारी बसलेलं माणूस फार जवळचं वाटतं आणि ते वाटणं खोटंही नसतं. फक्त ते त्या माणसाबद्दल किती आणि शेजारच्या खुर्चीबद्दल किती, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. त्याच रात्री त्याने दोन मित्रांना मिठी मारून 'तू माझा भाऊ' म्हटलं होतं. हे तिनेच सांगितलं, पण हसत, जणू त्याचा या प्रश्नाशी संबंधच नाही.

मग कागदावर तीन रकाने केले: पहिल्या ग्लासाआधी, ग्लास चालू असताना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. तिला आठवेल ते एकेक करून त्यात टाकायला सांगितलं. अट एकच होती. त्याने काय केलं, काय बोलला एवढंच लिहायचं. 'त्याच्या डोळ्यांत दिसत होतं' हे लिहायचं नाही.

मधला रकाना बघता बघता भरला. हात धरणं, नाचताना जवळ येणं, 'तुझ्यासाठीच आलो'. हा रकाना कितीही लांबला तरी त्याला वजन कमी. पहिल्या रकान्यात मात्र दोनच गोष्टी आल्या. पार्टीच्या चार दिवस आधी त्याने मैत्रिणीला फोनवर 'कोणकोण येणार' विचारलं होतं. आणि संध्याकाळी सात वाजता, बाटली उघडण्याआधी, हिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली होती. दुसरी गोष्ट वजनदार, कारण ती कोरड्या तोंडी झालेली आणि फक्त हिच्यासाठी होती. पहिली तितकी नाही. 'कोणकोण' आणि 'ती येणार का' यात फरक आहे, आणि तिने आधी कागदावर 'मी येणार का ते विचारलं' असं लिहिलं होतं. मैत्रिणीचा मूळ शब्द आठवायला लावला तेव्हा ते खोडलं. अशी खाडाखोड जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर होते.

तिसऱ्या रकान्यात फक्त ग्रुपवर टाकलेले फोटो. वेगळा मेसेज नाही. सकाळचं 'जास्तच झाली' दुपारच्या आधीचं, त्यामधून काही काढू नये. पस्तावा, लाज, चारचौघांत चिडवतील याची भीती, यापैकी काहीही असू शकतं. शिवाय हँगओव्हरमध्ये मन विनाकारण घाबरं आणि खालावलेलं असतं, म्हणून रात्री प्रत्येक हसण्यात होकार दिसतो आणि सकाळी प्रत्येक गप्प बसण्यात नकार. दोन्ही वेळचे निकाल बाजूला ठेवायचे.

या टप्प्यावर वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: रात्रीचा काही भाग आठवत नाही का, किंवा नको असताना कुणी हात लावला का? तसं असेल तर हा रकान्यांचा खेळ तिथेच थांबतो. समजण्याच्या स्थितीत नसलेल्या बाईची संमती कायदाही संमती मानत नाही, आणि त्याच्या मनात काय होतं हा शोध मग बिनकामाचा. महिला हेल्पलाइनचा नंबर 181. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. तिला सगळं आठवत होतं आणि हात धरलेला तिला आवडला होता.

कागदावरून एवढंच म्हणता येत होतं की शक्यता आहे, खात्री नाही. आणखी विचार करून खात्री वाढत नाही, विचारावंच लागतं. तिने फोनमध्ये लिहून ठेवलेला मेसेज असा होता: 'काल तू जे बोललास ते खरं होतं का?' यात दोन चुका आहेत. समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, आणि त्याला ते आठवतच नसेल तर तो बचावालाच लागणार. मैत्रिणीकरवी विचारावं असंही तिच्या मनात होतं. तेही नको. बेळगावात खडेबाजारात बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतं, आणि मध्यस्थाला मिळालेलं उत्तर मध्यस्थाला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं.

बराच वेळ घालवून हा मेसेज ठरला: 'आईची चौकशी केलीस, बरं वाटलं. सोमवारी तू परत जाणार ना? उद्या पाचला कॅम्पात चहा घेऊया का, अर्धा तास? नाही जमलं तरी चालेल.' यात रात्रीचा उल्लेख नाही. पहिल्या रकान्यातली गोष्ट आहे, दिवसाउजेडीची वेळ आहे, ग्लास नाही आणि नाही म्हणायला वाट मोकळी आहे. पाठवायची वेळ शनिवारी रात्री आठ, कारण तोवर दोघंही नीट जेवलेले आणि शुद्धीत असणार होते.

उत्तर कसं वाचायचं तेही पाठवण्याआधीच ठरवलं, कारण आल्यावर मन हवं तसं वाचतं. 'हो' किंवा 'पाचला नाही, सहाला चालेल?' म्हणजे रस आहे. जमत नसताना जो स्वतः दुसरी वेळ सुचवतो, त्याला यायचं असतं. 'बघू', 'कळवतो', नुसता हसरा इमोजी, किंवा रविवारी पाचपर्यंत काहीच नाही, तर नकार धरायचा आणि दुसरा मेसेज करायचा नाही. त्यात कधीतरी एखादा लाजाळू माणूस सुटतो, खरं आहे. पण लाजाळू माणसालाही टाइप करता येतं.

उत्तर दोन तासांनी आलं: 'अगं नक्की! पुढच्या वेळी आलो की भेटू. आईंना सांग.' प्रेमळ, पण वेळ नाही. ठरल्याप्रमाणे हा नकार.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "पण 'नक्की' म्हणाला की ओ." मग तोच कागद पुन्हा काढला. आईच्या गुडघ्याची चौकशी ग्रुपमधल्या आणखी कुणाच्या घरच्यांची तो करतो का, असं विचारलं. ती थोडी थांबली. मैत्रिणीच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी तो पुण्याहून दोनदा आला होता, हे तिला तेव्हा आठवलं.