नूतनीकरणाचा हक्क वापरावा की मालकांचा नवा करार घ्यावा?

प्रश्न: दादर पश्चिमेला आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे साड्यांचे दालन आहे. चटईक्षेत्र 800 चौरस फूट, कंपनीचे भरणा झालेले भांडवल सव्वा कोटी. दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा 31 मार्च 2027 रोजी संपतो. सध्याचे भाडे दरमहा 3,20,000 रुपये. किमान सहा महिने आधी लेखी नोटीस दिल्यास आणखी सहा वर्षांचे नूतनीकरण मिळते. तेव्हाचे भाडे म्हणजे आताच्या भाड्यावर 15 टक्के वाढ किंवा बाजारभाव, यांतले जे जास्त ते. एकमत न झाल्यास लवाद ठरवणार, आणि तीन वर्षांनी पुन्हा 15 टक्के वाढ. मूळ मालक वारले, आता त्यांची तीन मुले मालक आहेत. थोरले म्हणतात, "नोटीस कशाला? पाच वर्षांचे लिव्ह अँड लायसन्स करू, 3,90,000 रुपये, दरवर्षी 5 टक्के वाढ." त्यात दोन वर्षांनंतर तीन महिन्यांच्या नोटिशीवर ते करार संपवू शकतात. लवादाचा आकडा आधी कळत नाही, याची भीती वाटते. काय करावे?

उत्तर: माझ्या मते आपण नूतनीकरणाचा हक्क वापरावा. मात्र नोटीस देण्यापूर्वी बाजारभावाचा अंदाज स्वतः काढून घ्यावा, कारण एकदा नोटीस दिली की मालकांइतकेच आपणही बांधले जातो आणि लवादाचा आकडा न आवडल्यास माघार घेण्याची वाट सहसा उरत नाही.

प्रथम आकडेमोड पाहू. मालकांच्या प्रस्तावात पहिल्या वर्षी 3,90,000 आणि पुढे दरवर्षी 5 टक्के वाढ धरली, तर पाच वर्षांत सुमारे 2 कोटी 58 लाख 60 हजार रुपये जातात. नूतनीकरणात पहिली तीन वर्षे भाडे स्थिर राहते आणि चौथ्या वर्षापासून 15 टक्क्यांनी वाढते, म्हणून तुलनेसाठी पहिली पाचच वर्षे घेतली, तर सुरुवातीच्या मासिक भाड्याच्या 63.6 पट रक्कम द्यावी लागते. किमान भाडे 3,68,000 ठरले, तर ती रक्कम सुमारे 2 कोटी 34 लाख होते, म्हणजे जवळपास साडेचोवीस लाखांची बचत. लवादाने 4,00,000 ठरवले, तरी ती 2 कोटी 54 लाख 40 हजार होते. दोन्ही मार्ग समान खर्चाचे होतात ते सुमारे 4,06,600 रुपयांच्या भाड्याला, म्हणजे चौरस फुटाला 508 रुपयांना. लवाद आणि वकील यांवरचा आपल्या वाट्याचा खर्च तीन लाख धरला, तर हा आकडा सुमारे 502 वर येतो. आता निर्णय एका प्रश्नावर येऊन थांबतो: आपल्या रस्त्यावरच्या तळमजल्याच्या दुकानांचे भाडे चौरस फुटाला 500 च्या पलीकडे गेले आहे का?

याचे उत्तर दलालांच्या तोंडी भावांवरून काढू नये. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये आसपासच्या दुकानांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा नोंदवलेला गोषवारा, पाहता येते, आणि मूल्यांकनकारही लवादापुढे प्रामुख्याने असेच प्रत्यक्ष व्यवहार ठेवतो. ते पाहताना दोन गोष्टींनी फसगत होते. मोठे डिपॉझिट घेतलेल्या करारात मासिक भाडे कमी दिसते, त्यामुळे डिपॉझिटवरचे व्याज भाड्यात मिळवल्याशिवाय तुलना करू नये. आणि क्षेत्र चटई आहे की बिल्ट-अप, हे न पाहता काढलेला दर सहज वीस-पंचवीस टक्क्यांनी चुकतो. एखाद्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लेखी अहवाल आत्ताच घ्यावा. वाद झालाच, तर तोच आपल्या बाजूचा पुरावा ठरेल. अहवालात 500 च्या बराच वरचा आकडा आला, तर मात्र मला माझे मत बदलावे लागेल.

खर्च समान आला, तरी दोन्ही करार समान नाहीत. लायसन्सने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, ती केवळ वापराची परवानगी असते, आणि आपल्याला देऊ केलेली परवानगी खात्रीची आहे ती फक्त दोन वर्षे. दालनाच्या सजावटीवर केलेला खर्च वसूल व्हायला सहसा त्याहून जास्त काळ लागतो.

नोटिशीबाबत कायदा कठोर आहे. कॅलटेक्स कंपनीच्या प्रकरणात, 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नूतनीकरणाचा हक्क ही सवलत असून ती ठरलेल्या मुदतीतच वापरावी लागते. विशेष परिस्थिती नसेल, तर उशीर माफ होत नाही. आपली शेवटची तारीख 30 सप्टेंबर 2026 ही आहे. त्या दिवशी नोटीस टपालात पडून चालणार नाही, ती मालकांच्या हाती पोहोचलेली असावी, म्हणून ऑगस्टअखेरीस हा विषय संपवावा. थोरल्यांचे "कशाला" हे शब्द मुदत वाढवत नाहीत. ते कदाचित निर्मळ मनाने म्हणत असतील, पण उरलेले दोघे त्यांच्या शब्दाला बांधील नाहीत. म्हणून नोटीस तिघांच्याही नावे, पट्ट्यात दिलेल्या पत्त्यावर आणि तिघांच्या सध्याच्या पत्त्यांवर, पट्ट्यात सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवावी, आणि शिवाय हातोहात देऊन पोच घ्यावी. सही करणाऱ्या संचालकाला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव आधीच्या तारखेचा असावा.

नोटिशीचा मजकूर बिनशर्त हवा. "आम्ही 3,68,000 रुपये भाड्याने नूतनीकरण करतो" असे लिहिले, तर तो हक्काचा वापर न ठरता नवा प्रस्ताव ठरण्याचा धोका असतो. अमुक कलमानुसार सहा वर्षांचे नूतनीकरण घेत आहोत आणि भाडे त्याच कलमात सांगितल्याप्रमाणे ठरेल, एवढेच लिहावे. आपले कलम या बाबतीत भक्कम आहे. केवळ "परस्पर संमतीने ठरेल ते भाडे" असे असते, तर ते अनिश्चित म्हणून निरर्थक ठरू शकले असते; पण करार कायद्याच्या कलम 29 मध्ये तिऱ्हाइताने किंमत ठरवायच्या कराराचे उदाहरणच दिलेले आहे, आणि तो वैध मानला आहे. भाड्याची थकबाकी किंवा परवानगीविना केलेले बदल असतील, तर तेही नोटिशीआधी निस्तरावेत, कारण बहुतेक पट्ट्यांत करारभंग नसणे ही नूतनीकरणाची पूर्वअट असते.

मुदत चुकली, तर काय होईल? मुंबईतील लहान दुकानदाराला भाडे नियंत्रण कायदा सांभाळून घेतो, पण एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपनीला 1999 चा महाराष्ट्र कायदा लागू होत नाही. मग 1 एप्रिल 2027 नंतर मालक भाडे स्वीकारत राहिले, तरी फार तर महिन्याचा भाडेकरू एवढाच दर्जा उरेल, आणि तो पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपतो. त्या अवस्थेत 3,90,000 हा आकडाही समोरून तसाच राहील, असे मानू नये.

लवादाचा निर्णय 1 एप्रिलपर्यंत न आल्यास मधल्या काळात काय द्यायचे, हे कलमात नसेल, तर लेखी पत्राने ठरवावे: 3,68,000 हंगामी भाडे, फरक नंतर जुळवून. निर्णय वर्षभराने 4,00,000 चा आला, तर थकबाकी 3,84,000 होते. ती दरमहा 32,000 प्रमाणे वेगळ्या ठेवीत साठवावी. भाड्यावरील 18 टक्के जीएसटीचे इनपुट क्रेडिट आपल्याला मिळत असल्याने तो या तुलनेतून वगळला आहे. लवाद म्हणून मालकांच्या बाजूची व्यक्ती एकतर्फी नेमली जात असेल, तर हरकत लेखी नोंदवावी. आणि नूतनीकरण म्हणजे जुन्या पट्ट्याची आपोआप वाढ नव्हे, नवा दस्त करावा लागतो. त्याचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोणाकडे, हे पट्ट्यात पाहून तो अंदाजपत्रकात धरावा. तिघांपैकी एकानेही दस्तावर सही करायला टाळाटाळ केली, तर मार्च उलटण्याची वाट न पाहता वकिलांमार्फत करारपूर्ततेची मागणी करावी.