सूत्रात 164.5 आलं आणि भरतीला 165 लागतं

"मॅडम, पोरगा तेरा वर्षांचा झाला, पण वर्गात सगळ्यांत बुटका दिसून राहिला. त्याला पोलीस भरतीत जायचं आहे. यांची उंची 170, माझी 152. दोघांची सरासरी काढली तर 161 च येते, आणि भरतीला 165 लागते. म्हणजे त्याची उंची पुरणारच नाही का?"

नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही आई आली ती वहीचं फाडलेलं पान घेऊन. पानावर बेरीज, भागाकार, आणि 161 भोवती पेनानं दोनदा काढलेला गोल. सोबत नवरा होता. मुलगा दाराजवळच्या खुर्चीत, तळव्यांकडे बघत बसलेला. तळव्यांवर घट्टे होते. वडिलांनी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा बसवून दिला होता आणि रोज सकाळी तो त्याला लोंबकळत असे. (या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आकडे मात्र तेच.)

त्या पानावर पहिली चूक होती ती सरळ सरासरीची. पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीत साधारण 13 सेंटीमीटरचा फरक असतो. त्यामुळे मुलाचा अंदाज काढताना आईची उंची आधी 'पुरुषांच्या मापात' आणावी लागते, म्हणजे तिच्यात 13 मिळवायचे आणि मग वडिलांच्या उंचीशी सरासरी काढायची. मुलीसाठी उलट, वडिलांच्या उंचीतून 13 वजा करायचे. इंग्लंडमधले वाढीचे अभ्यासक जेम्स टॅनर यांनी 1970 च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि बालरोगतज्ज्ञ आजही तीच वापरतात.

त्याच पानावर मी लिहिलं: 170 अधिक 152 अधिक 13, म्हणजे 335. भागिले 2, म्हणजे 167.5. आईचा चेहरा खुलला. वडील म्हणाले, "म्हणजे होते ना भरती!"

मी म्हटलं, "थांबा भाऊ. तुमची उंची मोजली कधी होती?"

"लायसन काढलं तेव्हा लिहिली होती."

इथे मी कधीच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. पुरुष आपली उंची सहसा थोडी वाढवून सांगतात, आणि त्यात खोटेपणा नसतो. पंचविशीत कोणीतरी चपलेसकट मोजलेली असते, तीच डोक्यात बसते. दोघांनाही चपला काढायला लावल्या. टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर, हनुवटी वर न उचललेली. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरलं, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ ओढली आणि फरशीपासून स्टीलच्या टेपनं माप घेतलं. वडील 166. आई 150, तीही केसांचा अंबाडा सोडून.

आता 166, 150 आणि 13 मिळून 329, त्याचं निम्मं 164.5.

दहा मिनिटांत 161, 167.5 आणि 164.5 असे तीन आकडे झाले होते. शेवटचा आकडा पाहून खोलीत कोणी बोललं नाही. 165 ला अर्धा सेंटीमीटर कमी. मुलानं तोंडातल्या तोंडात म्हटलं, "बघा, मी म्हणत होतो ना." मला त्या दिवशी खरं काम इथून पुढे करायचं होतं, कारण बरोबर सोडवलेलं गणितही त्या पोराला चुकीची गोष्ट सांगत होतं.

सूत्रातून येणारा आकडा हा एका पट्ट्याचा मध्य असतो. त्याच्या वर आणि खाली साधारण 8.5 सेंटीमीटर धरायचे. निरोगी मुलं घेतली तर शंभरातली साधारण 95 या पट्ट्यात येतात, बाकीची त्याच्याही बाहेर. या मुलाचा पट्टा झाला 156 ते 173. म्हणजे पाच फूट दीड इंचापासून पाच फूट आठ इंचांपर्यंत, अर्ध्या फुटाहून जास्त रुंद. मधल्या आकड्याच्या तीन सेंटीमीटर आत जेमतेम निम्मी मुलं सापडतात. हाच हिशेब 165 ला लावला, तर अशा आईवडिलांच्या शंभर मुलांपैकी जवळपास निम्मी, किंचित कमीच म्हणा, 165 ओलांडतील. छापा की काटा असा प्रकार आहे हा. 164.5 मधला तो 'पॉइंट पाच' तर कागदावरचाच. वडिलांची उंची मोजताना एका सेंटीमीटरची गफलत झाली की तो नाहीसा होतो.

"एवढा मोठा फरक कशाला पडते?" वडिलांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. मी उलट विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

"दोघं भाऊ. मोठा माझ्याहून चार बोटं उंच आहे."

उत्तर त्यांच्याच घरात होतं. दोन्ही भावांचे आईवडील एकच, म्हणजे सूत्रानं दोघांनाही तंतोतंत एकच आकडा दिला असता. उंची एका जनुकावर ठरत नाही. हजारो जागी थोडा थोडा परिणाम होतो, कुठे एखादा मिलिमीटर वर, कुठे खाली. आईकडचं निम्मं आणि वडिलांकडचं निम्मं येतं, पण कुठलं निम्मं येईल हे प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं ठरतं. सूत्राला फक्त आईवडिलांची बेरीज दिसते, ही वाटणी दिसत नाही.

सूत्राला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती आई हळूच बोलली. ती काटोलकडच्या गावात वाढलेली. लहानपणी दोन वर्षं सारखी आजारी, घरात दूध विकायला असायचं, प्यायला नाही. तिचे 150 हे नुसते तिच्या जनुकांचे नाहीत, त्या दिवसांचेही आहेत. जनुकं मुलाकडे येतात, ते दिवस येत नाहीत. आईवडील दोघंही बुटके असले की मुलं साधारणपणे सगळ्या लोकांच्या सरासरीकडे थोडी सरकतात, हे फ्रान्सिस गाल्टननं 1886 मध्येच दाखवलं होतं, आणि टॅनरचं साधं सूत्र ते धरत नाही. म्हणून अशा घरांत मी मधल्या आकड्याकडे जरा कमीच बघते. याची दुसरी बाजूही आहे. आई किंवा वडील एखाद्या आजारामुळे बुटके राहिले असतील आणि तोच आजार मुलातही असेल, तर सूत्र आपल्याला फसवून गप्प बसवतं, कारण 'घरातलेच सगळे बुटके' असं म्हणून कोणी तपासायलाच नेत नाही.

मग बघायचं काय? मुलाची स्वतःची वाढ. मी शाळेचं आरोग्य कार्ड मागवलं. आदल्या वर्षी त्याच महिन्यात 142.5, आणि आज आम्ही मोजलं ते 148. वर्षाला साडेपाच सेंटीमीटर. चार वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. हे चारपर्यंत उतरलं असतं, किंवा वाढीच्या तक्त्यावर मूल वरची रेषा सोडून खालच्या रेषेवर घसरलं असतं, तर मी त्याच आठवड्यात तपासण्या करून घ्यायला सांगितलं असतं, मग आईवडील कितीही बुटके असोत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्यावर आम्ही त्याचा बिंदू मांडला आणि अठरा वर्षांपाशी 164.5 ची खूण केली. दोन्ही मधल्या रेषेखाली, पण एकमेकांच्या आसपास. म्हणजे पोरगा घराच्या वाटेनंच चालला होता. धाकट्या बहिणीचा आकडाही आईनं लगेच काढून घेतला: 166 अधिक 150 वजा 13, निम्मं 151.5, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेच साडेआठ.

वर्गात तो बुटका दिसत होता त्याचं कारण बहुधा वेगळंच होतं. बाकीच्यांचे आवाज फुटले होते, मिसरूड आलं होतं, त्यांची झपाट्याची वाढ सुरू झाली होती. याची नव्हती. वडील म्हणाले, "मीही दहावीनंतरच वाढलो." हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, म्हणून त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे थायरॉइडसकट नेहमीच्या तपासण्या ठीक निघाल्या. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बारा वर्षांचं आलं, प्रत्यक्ष वयापेक्षा वर्षभर मागे. या एक्स-रेच्या अंदाजातही थोडीफार चूक असतेच, पण त्यातून एवढं कळलं की हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या बंद व्हायला त्याच्याकडे मित्रांपेक्षा जास्त अवधी आहे.

मुलाशी मी एकट्याशीच दोनदा बोलले. तो दर रविवारी भिंतीवर रेघ मारत होता. एका रविवारी चार मिलिमीटर 'कमी' झाला म्हणून रात्री जेवला नव्हता. त्याला मी हिशेब करून दाखवला: वर्षाला साडेपाच सेंटीमीटर म्हणजे आठवड्याला एक मिलिमीटर. हातानं मोजण्यातली चूक मात्र अर्धा सेंटीमीटर सहज होते, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी माणूस एखादा सेंटीमीटर कमीच भरतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. सकाळी दांड्याला लोंबकळून मोजलं की वाढल्यासारखं वाटतं तेही त्याचमुळे. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे मी रविवारी भिंतच मोजत होतो." दांडा त्यानं ठेवला, कारण हातात ताकद येते हे खरं. रेघा मात्र पुसल्या. ठरलं असं, की सहा महिन्यांनी एकदा, सकाळी, त्याच भिंतीशी आणि त्याच टेपनं मोजायचं.

सहा महिन्यांनी तिघंही आले. आवाज घोगरा झाला होता. पुस्तक डोक्यावर धरताना त्यानं स्वतःच टाचा भिंतीला दाबल्या. 151.5. अर्ध्या वर्षात साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे वेग वाढायला लागला होता.

आईनं विचारलं, "मग आता 165 होईल ना?"

तिच्या पानावर अजून 164.5 लिहिलेलं होतं. मी त्याच्या डाव्या बाजूला 156 आणि उजव्या बाजूला 173 लिहिलं, आणि खाली पुढच्या मोजमापाची तारीख टाकली.