आयजीएसटीचे उरलेले क्रेडिट दोन्हींत वाटून लावा

प्रश्न : "आमचे वागळे इस्टेटमध्ये पॅकिंग मटेरियलचे दुकान आहे. या महिन्यात सीजीएसटीचे ९,००० रुपये क्रेडिट शिल्लक राहिले, तरी एसजीएसटीचे २७,००० रोख भरा असे पोर्टल सांगते. उरलेले आयजीएसटी मी आधी सीजीएसटीला लावले होते. चूक कुठे झाली?"

आपण दिलेल्या रकमांवरून महिन्याचे चित्र साधारण असे असावे. राज्यातील विक्री ५ लाख, म्हणजे १८ टक्क्यांनी सीजीएसटी ४५,००० आणि एसजीएसटीही ४५,०००. गुजरातला विक्री १ लाख, त्यावर आयजीएसटी १८,०००. खरेदीत वापीच्या ३ लाखांच्या मालावर आयजीएसटीचे क्रेडिट ५४,०००, आणि तुर्भ्याच्या २ लाखांच्या मालावर सीजीएसटी व एसजीएसटीचे प्रत्येकी १८,०००.

आयजीएसटीचे क्रेडिट प्रथम आयजीएसटीच्या देण्याला लागते, म्हणून ५४,००० मधून १८,००० गेले आणि ३६,००० उरले. हे संपल्याखेरीज बाकीच्या दोन क्रेडिटना हात लावता येत नाही. मात्र नियम ८८अ प्रमाणे ते सीजीएसटी व एसजीएसटीत कोणत्याही प्रमाणात वाटता येते, आणि आपण नेमकी हीच मुभा वापरली नाही. सगळे ३६,००० सीजीएसटीत टाकल्यामुळे तेथे ९,००० चेच देणे राहिले, ते त्याच्याच १८,००० मधून फिटले आणि ९,००० पडून राहिले. सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीच्या देण्याला कधीच लागत नसल्याने, एसजीएसटीत स्वतःचे १८,००० वजा होऊनही २७,००० रोख उरले.

त्याऐवजी आधी प्रत्येक खात्यात त्याचे स्वतःचे क्रेडिट कागदावर वजा करून पाहावे. दोन्हीकडे २७,००० उरतात, म्हणजे आयजीएसटी कोणत्याही बाजूला २७,००० पेक्षा जास्त टाकायचे नाही. मी १८,०००-१८,००० असे वाटतो. मग दोन्हीकडे ९,००० रोख, एकूण १८,००० भरावे लागतात आणि तिन्ही क्रेडिट शून्यावर येतात. आपल्या मांडणीत हेच २७,००० झाले होते. जास्तीचे ९,००० बुडत नाहीत, पुढच्या महिन्याला जातात, परंतु वीस तारखेला हाताशी रोकड नसेल तर त्यांची उणीव फार जाणवते.

३बी अजून फाइल केले नसेल तर तक्ता ६.१ मधील आकडे आपण बदलू शकता. फाइल झाल्यावर ते सुधारता येत नाहीत. रिव्हर्स चार्जचा कर, उदाहरणार्थ ट्रकभाड्यावरचा, या हिशेबात मिसळू नका, कारण तो रोखच भरावा लागतो. चलन करताना रक्कम योग्य शीर्षाखाली आहे ना, हेही पाहा. चुकून दुसऱ्या शीर्षात गेलेली रोकड पीएमटी-०९ ने हलवता येते, क्रेडिटला मात्र ही सोय नाही.

टॅलीत याच वाटणीची जर्नल नोंद करा: आउटपुट सीजीएसटी १८,००० व आउटपुट एसजीएसटी १८,००० नावे, इनपुट आयजीएसटी ३६,००० जमा. मग पोर्टलच्या क्रेडिट लेजरची शिल्लक टॅलीशी ताडून पाहा. फरक आला, तर बहुधा पुस्तकात धरलेले एखादे खरेदी बिल त्या महिन्याच्या २बी मध्ये आलेले नसते. ते शोधून पुरवठादाराला कळवा आणि ते २बी मध्ये येईपर्यंत त्याचे क्रेडिट वेगळ्या खात्यात ठेवा.