घट कुठे आली ते आधी शोध, मग उत्तर दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही काटा चिठ्ठ्या पाहिल्या. मक्याची गाडी ३४० किलो कमी उतरली, सौद्याच्या २२ रुपये भावाने ७,४८० रुपये कापतो, असं हैदराबादचा पार्टीवाला म्हणतो. आणि तू त्याला लिहायला निघालास, की आमच्या काट्यावर माल पूर्ण होता, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ते पाठवू नकोस. त्यावर तोही लिहील, की आमच्या काट्यावर कमी होता. मग दलाल मध्ये पडून रक्कम अर्धी-अर्धी करेल आणि खरं काय घडलं ते कोणालाच कळणार नाही.

सौदा चिठ्ठीत कोणाचं वजन अंतिम धरायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या सौद्यात त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांना सारखी किंमत आहे. ‘पोहोच वजन अंतिम’ असं लिहिलेलं असतं तर आपली चिठ्ठी फक्त पुरावा म्हणून उरली असती.

आता चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेव. आपल्या कळमन्याच्या काट्यावर रिकामी गाडी १०,२४० किलो, भरलेली ३३,४६०, म्हणजे माल २३,२२०. त्यांच्याकडे भरलेली ३३,२९०, रिकामी १०,४१०, म्हणजे माल २२,८८०. सगळे जण खालच्या ओळीतला आकडा पाहतात आणि ३४० वर भांडतात. तू वरच्या दोन ओळी वेगवेगळ्या बघ. भरलेल्या वजनात १७० किलो कमी, रिकाम्या वजनात १७० किलो जास्त. रस्त्यात माल कमी झाला तर तो भरलेल्या वजनात दिसतो. गाडी पुरती खाली झाली नाही तर ते रिकाम्या वजनात दिसतं. दोन्ही ठिकाणी फरक आहे, म्हणजे कारण एकच नसण्याची शक्यता मोठी.

पहिल्यांदा आपल्याच चिठ्ठ्यांवरच्या वेळा बघ. रिकामी गाडी सकाळी १०:४० ला काट्यावर चढली, भरलेली दुपारी ४:१५ ला. मधल्या वेळात गाडी कुठे होती? तू पाठवलेल्या कागदांत ड्रायव्हरची पंपाची पावती आहे, त्याच दिवशीची, दुपारी ३:३० ची, २०० लिटर डिझेलची. एक लिटर डिझेल साधारण ८३० ते ८४० ग्रॅम भरतं, म्हणजे २०० लिटरचे अंदाजे १६७ किलो. ते रिकाम्या वजनात नव्हते आणि भरलेल्या वजनात आले. आपण १६७ किलो डिझेल मका म्हणून बिलात लावलं. खरा माल २३,०५३ किलो. एवढं आपण मान्य करायचं, आणि पत्राच्या सुरुवातीलाच करायचं.

उरले १७३ किलो. इथे एका प्रश्नावर सगळं फिरतं, म्हणून नीट वाच. रस्त्यात डिझेल जळतं. नागपूर ते हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर, भरलेली बाराचाकी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते, तर १३० लिटरच्या जवळपास, म्हणजे १०८-१०९ किलो. ड्रायव्हरने वाटेत डिझेल भरलं नसेल, तर त्यांच्या काट्यावर भरलेली गाडी ३३,३५० च्या आसपास यायला हवी होती. आली ३३,२९०. साठेक किलोचा हा फरक मोठा नाही. काटे दहा-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, प्रत्येक काट्याला थोडी सूट कायद्यानेच असते, आणि मक्याची ओल नुसती ०.२ टक्क्यांनी उतरली तरी २३ टनांत पन्नासेक किलो जातात. पण त्याच हिशेबाने रिकामी गाडी १०,३०० च्या आसपास यायला हवी होती आणि ती १०,४१० दाखवते. हे ११० किलो त्यांच्या गेटच्या आतले आहेत. डाल्याच्या कोपऱ्यात मका राहिला असेल, पावसाने भिजलेली ताडपत्री वर असेल, किंवा संगणकात या गाडीचं जुनं रिकामं वजन साठवलेलं असेल आणि ऑपरेटरने तेच छापलं असेल.

आणि ड्रायव्हरने वाटेत जळालं तेवढंच डिझेल परत भरलं असेल तर? मग गाडी आपल्या काट्यावर होती त्याच वजनाने, ३३,४६० ने, पोचायला हवी होती. म्हणजे अख्खे १७० किलो भरलेल्या वजनातच कमी आणि रिकामं वजन जवळपास तंतोतंत बरोबर. तेव्हा पार्टीवाल्याचा दोष शून्य. माल रस्त्यात गेला आणि हिशेब ट्रान्सपोर्टरशी, बिल्टीवरून. चिठ्ठ्या त्याच, आकडे तेच, आणि बोट दाखवायचं ते दुसऱ्याकडेच. म्हणून ड्रायव्हरला फोन केल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस. तोंडी ‘नाही भरलं साहेब’ वर थांबू नकोस, गाडीमालकाकडून त्या फेरीच्या डिझेलच्या पावत्या किंवा कार्डाचा हिशेब माग. क्लीनर दोन्ही वजनांच्या वेळी गाडीत होता का, तेही विचार. एक माणूस उतरला की साठ-सत्तर किलो हलतात.

वाटेत डिझेल भरलं नव्हतं असं निघालं, तर पत्र असं लिही:

‘आपली तक्रार मिळाली. आमच्या दोन वजनांच्या मध्ये गाडीत २०० लिटर डिझेल भरलं गेलं, त्याची पावती जोडली आहे. त्याचे १६७ किलो, ३,६७४ रुपये, आम्हाला मान्य आहेत आणि तेवढी क्रेडिट नोट देत आहोत. भरलेल्या वजनातला उरलेला साठेक किलोचा फरक दोन काटे आणि ओल यांच्या मर्यादेतला आहे. आपल्या रिकाम्या वजनात मात्र अंदाजे ११० किलो जास्त दिसतात. कृपया त्या वजनाची वेळ छापलेली चिठ्ठी, ते वजन त्याच दिवशी घेतल्याची काट्याच्या संगणकातली नोंद, आणि गाडी खाली झाल्यावरचा डाल्याचा फोटो असल्यास तो पाठवावा. ते मिळेपर्यंत उरलेली कपात करू नये.’

साठेक किलोवर ‘मर्यादेतला’ असं एकदाच लिही, वाद घालू नकोस. त्यांच्या प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ओल छापलेली असते, ती आपल्या ओलीशी ताडून बघ. त्यांची ओल आपल्यापेक्षा जास्त निघाली, तर ओलीचं कारण देताच येत नाही, मग पत्रातून तो शब्द काढून टाक. दोन्ही काट्यांच्या पडताळणीची तारीखही बघून ठेव. वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणी काट्याला दर बारा महिन्यांनी लागते, आणि आपल्याच काट्याची मुदत उलटून गेली असेल तर ते पत्र पाठवण्याआधी आपल्याला माहीत असायला हवं.

‘चोरी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नकोस. त्यांच्या काट्यावरचा माणूस तेच पत्र मालकासमोर वाचणार आहे, आणि आपल्याला त्याच्याकडूनच संगणकातली नोंद हवी आहे.

पुढच्या गाडीला डिझेल रिकाम्या वजनाच्या आधी भरून घे आणि ड्रायव्हरला सांग, की भरलेलं वजन होईपर्यंत पंपावर थांबायचं नाही. ताडपत्री आणि दोर दोन्ही वजनांना गाडीवरच असू देत. ड्रायव्हरचं उत्तर मात्र आजच मिळव, आणि वाटेत डिझेल भरलं नसेल तर पार्टीला आज संध्याकाळपर्यंत ईमेल जाऊ दे, कारण त्यांच्या काट्याच्या संगणकात जुन्या नोंदी किती दिवस राहतात ते त्यांच्या हातात आहे.

तुझा,
काका

ता. क. ड्रायव्हरशी बोलणं झालं की मला फोन कर. त्याने वाटेत डिझेल भरलं असेल तर वरचं पत्र जाणार नाही. ट्रान्सपोर्टरचं पत्र आपण दोघं मिळून लिहू.