पेपर तोंडावर आलेत, आणि वजनही कमी करायचंय

"मॅडम, सेमिस्टरचे पेपर महिन्यावर आलेत. पोट सुटलंय म्हणून जेवण निम्म्यावर आणलंय, पण वाचलेलं काही डोक्यात राहत नाही. डाएट सोडून देऊ का?"

सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा हेच विचारत आला होता. (ओळखीचे तपशील बदललेत.) कधी काय खाल्लं आणि त्या तासाला अभ्यास कसा झाला, एवढं त्याला वहीत लिहायला सांगितलं. वहीत दिसलं ते असं: सकाळी नुसता चहा, दुपारी काकूंच्या डब्यातली एकच चपाती आणि भात तसाच परत, संध्याकाळी काकडी. आणि रात्री अकरानंतर पुस्तक मांडीवर ठेवून भडंग, मूठ मूठ करत अख्खी पुडी. जोडीला चहा, कपाला दोन चमचे साखर. सकाळच्या अभ्यासापुढे त्यानेच लिहिलं होतं, "तेच पान तिसऱ्यांदा."

चुरमुरे हलके, पण भडंगातलं तेल आणि शेंगदाणे हलके नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतच साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. दिवसभर उपाशी राहून वाचवलेलं सगळं रात्री भरून निघत होतं. उशिराच्या चहाने झोप मोडायची आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणखी खवळायची.

म्हणून डाएट सोडायला लावलं नाही, कपातीची जागा बदलली. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि भाकरी. दुपारचा डबा पूर्ण. रात्री आठला जेवण, त्यात भात निम्मा, पण आमटी आणि दही पोटभर. भडंग बंद केलं असतं तर चार दिवसांत पुडी परत आली असती, म्हणून ते संध्याकाळी पाचला, वाटीत काढून, वर भरपूर कांदा-टोमॅटो घालून. चहात अर्धा चमचा साखर आणि शेवटचा कप चारच्या आत. यातून रोजच्या साधारण तीनशे कॅलरी कमी होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम किलोभर वजन. त्याला हे फार थोडं वाटलं. माझ्या मते परीक्षेच्या दिवसांत याहून जास्त मागूच नये.

पेपर सुरू झाले की एवढीही कपात थांबवायची. अकराचा पेपर असेल तर साडेआठ-नऊला नेहमीचाच नाष्टा, नवा प्रयोग नको.

वजन आठवड्यातून एकदाच करावं. ते आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत राहिलं, सारखं खाण्याचंच मनात येऊ लागलं किंवा उठताना चक्कर आली, तर एक चपाती वाढवायची. मुलींची पाळी चुकली, किंवा खाऊन झाल्यावर कुणी मुद्दाम उलटी काढत असेल, तर वजनाचा विषय तिथेच थांबवून आधी डॉक्टरांना गाठायचं. आणि मुळात वजन बेताचंच असेल, तर यातलं काहीच करायचं नाही.