रिकाम्या खुर्चीशी बोलून काय होणार?

“ताई, वडील जाऊन दोन वर्षं झाली. मी शिक्षण अर्धवट सोडलं, तेव्हापासून ते माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत. मनातल्या मनात मी अजून त्यांच्याशी भांडते. समुपदेशक म्हणतात, रिकामी खुर्ची समोर ठेवून त्यांच्याशी बोल. ज्यांना ऐकूच येणार नाही, त्यांच्याशी बोलायचं हे नाटक कशाला?”

वडिलांना ऐकू जावं म्हणून ही खुर्ची नसतेच गं. जे बोलायचं होतं आणि घशातच अडकलं, ते तुला स्वतःला एकदा पुरतं ऐकू यावं म्हणून ती असते. गेस्टाल्ट उपचारपद्धतीच्या फ्रिट्झ पर्ल्स यांनी ही रीत प्रसिद्ध केली. खुर्चीची मूळ कल्पना मोरेनो यांच्या सायकोड्रामातली, म्हणजे अभिनयातून मनावर उपचार करण्याच्या पद्धतीतली. पर्ल्स यांचं म्हणणं असं, की अपुरी राहिलेली भावना मागे पडत नाही, ती आजच्या नात्यांमध्ये डोकावत राहते.

आधी तुला खुर्चीत वडील ‘पाहायला’ सांगतील. कसे बसलेत, चेहरा कसा आहे? मग बोलायचं. बहुतेकांचं पहिलं वाक्य तक्रारीचं असतं: “तुम्ही माझं कधी ऐकूनच घेतलं नाहीत.” या तक्रारीत राग आणि दुःख एकमेकांत गुंतलेले असतात, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच फिरत राहते. समुपदेशक ते दोन्ही सुटे करायला मदत करतात. “मला तुमचा राग येतो” हे एक, “मला तुमची फार उणीव भासते” हे दुसरं. त्याखाली बहुधा एक गरज सापडते: “तुम्ही एकदा विचारायला हवं होतं, का सोडलंस म्हणून.” माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं मोलाचं वाक्य हेच.

त्यानंतर तू त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्या वतीने उत्तर देतेस. कधी त्या खुर्चीतून त्यांची भीती बोलू लागते आणि वडील वेगळे दिसतात. कधी ते तसेच ताठर राहतात. तेव्हा आपल्या जागी परतून “चूक तुमची होती, मी ती माझ्या डोक्यावर वाहणार नाही” असं म्हणता आलं, तरी काम झालं. माफ करायलाच हवं असं नाही.

फसतं कुठे, तेही सांगते. “बाबा फार कडक होते” असं तू त्यांच्याविषयी बोलू लागलीस, की समुपदेशक “हे त्यांनाच सांग” म्हणतील. तीच तक्रार गोल गोल फिरत असेल, तर राग आणि दुःख अजून सुटे झालेले नाहीत.

आणि वडिलांनी कधी मारहाण किंवा अत्याचार केला असेल, तर ते समुपदेशकांना आधी सांग. अशा वेळी सहसा त्यांच्या खुर्चीत बसायला लावत नाहीत. घरी एकटीने हा प्रयोग करू नकोस. वडिलांची बाजू समजून घेण्याच्या घाईत लवकर खुर्ची बदलू नकोस. तुझा राग बोलून झाला नसेल, तर “मला अजून इथेच बसायचंय” असं स्पष्ट सांग.